काल उघडलेली लिंक आज का उघडत नाही: एका ब्राउझरमधली तीन गूगल खाती

«ताई, अहवालाच्या मसुद्याची सोमवारी पाठवलेली लिंक उघडली नाही. मंगळवारी दुसरी पाठवलीत ती सकाळी उघडली. काल संध्याकाळी मुलीचा कॉलेजचा फॉर्म भरायचा होता म्हणून सगळी खाती लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं, आणि आज तीच लिंक You need access म्हणते. क्लार्कच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित उघडते. तुम्ही म्हणता परवानगी दिली आहे, मग अडतंय कुठे? आणि सगळ्यांसाठी खुली करून टाकली तर भानगडच मिटेल ना?»

नमस्कार साहेब,

परवानगी आहे आणि लिंकही शाबूत आहे. आज सकाळी तुम्ही ती फाइल तुमच्या वैयक्तिक जीमेल खात्यातून उघडायला गेलात. परवानगी मात्र तुमच्या पतसंस्थेच्या खात्याला दिलेली आहे. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तुम्ही त्या पानावरचं Request access बटण दाबलंत तेव्हा मला गूगलकडून एक मेल आला आणि त्यात परवानगी मागणाऱ्याचा पत्ता छापलेला होता. तो पत्ता तुमच्या वैयक्तिक खात्याचा आहे. गेली काही वर्षं मी अहवालांचे मसुदे तयार करण्याचं काम करते आहे, आणि लिंक उघडत नाही असा निरोप आला की सर्वात आधी हा मेल शोधते. समोरचा माणूस कोणत्या खात्यातून दार ठोठावतो आहे, हे त्यात स्पष्ट दिसतं.

तुमच्या काउंटरवरचं उदाहरण घेते. एखाद्या ठेवीदाराची संस्थेत तीन खाती आहेत: एक स्वतःचं, एक पत्नीबरोबर, एक मुलाच्या नावाचं. माणूस रोजच्या ओळखीतला आहे, पण तो जे पासबुक पुढे करेल त्याच खात्यावरची नोंद क्लार्क बघणार. गूगल डॉक्सचंही असंच आहे. त्याच्या दृष्टीने खुर्चीत कोण बसलंय याला अर्थ नाही, ब्राउझरने कोणतं खातं पुढे केलं एवढंच त्याला कळतं. एकाच ब्राउझरमध्ये तीन खाती लॉगिन असली की त्यातलं कोणतं पुढे करायचं हे ब्राउझरला ठरवावं लागतं, आणि ते तो तुम्हाला न विचारता ठरवतो. सगळी अडचण इथे आहे.

आता तो कसा ठरवतो, ते सांगते. एवढं कळलं की सोमवार, मंगळवार आणि आज या तिन्ही दिवशी काय झालं याचा उलगडा होतो.

एका ब्राउझरमध्ये तुम्ही ज्या क्रमाने गूगल खात्यांत लॉगिन करता, त्या क्रमाने त्यांना नंबर मिळतात, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिलं खातं 0, दुसरं 1, तिसरं 2. सहसा पहिलं, म्हणजे 0 नंबरचं खातं हेच मूळ खातं धरलं जातं, आणि लिंकमध्ये काही वेगळं सांगितलेलं नसेल तर तेच पुढे केलं जातं. हे नंबर गूगलने तुमच्या खात्याला कायमचे दिलेले नाहीत. ते त्या एका ब्राउझरपुरते आणि त्या वेळच्या लॉगिनपुरते असतात. सगळीकडून लॉगआउट करून वेगळ्या क्रमाने लॉगिन केलं की नंबरही बदलतात. तुमच्या कॉम्प्युटरवर जे खातं 1 आहे, ते क्लार्कच्या कॉम्प्युटरवर 0 असू शकतं आणि माझ्याकडे तर ते असायचं कारणच नाही.

सोमवारची चूक माझी होती. मी घाईत फाइल उघडी असताना वरच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा उचलून तुम्हाला पाठवला. माझ्या ब्राउझरमध्ये पहिलं खातं घरचं आहे आणि दुसरं कामाचं. म्हणून कामाची फाइल उघडली की पत्त्यात 1 हा नंबर येतो:

```
https://docs.google.com/document/u/1/d/FILE_ID/edit
```

इथे `FILE_ID` च्या जागी अक्षरांची आणि अंकांची लांबलचक ओळ असते, तो त्या फाइलचा स्वतःचा क्रमांक. तो सगळीकडे सारखाच राहतो. खोड आहे ती मधल्या `u/1` ची. माझ्याकडे त्याचा अर्थ होता «माझं कामाचं खातं». तुमच्याकडे पोचल्यावर त्याचा अर्थ झाला «या ब्राउझरमधलं दुसरं खातं». सोमवारी तुमच्या कॉम्प्युटरवर पहिलं खातं संस्थेचं होतं आणि दुसरं तुमचं वैयक्तिक. लिंकने तुमचं वैयक्तिक खातं पुढे केलं आणि दार उघडलं नाही. म्हणजे संस्थेचं खातं मूळ खातं असूनही माझ्या लिंकने त्याला बाजूला सारलं.

मंगळवारी मी Share मधल्या Copy link या बटणावरून लिंक घेतली. त्या लिंकमध्ये खात्याचा नंबर नसतो:

```
https://docs.google.com/document/d/FILE_ID/edit?usp=sharing
```

शेवटच्या `usp=sharing` चा परवानगीशी काही संबंध नाही, लिंक कुठून घेतली एवढीच नोंद आहे ती. नंबर नसल्यामुळे ब्राउझरने तुमचं मूळ खातं पुढे केलं. ते त्या सकाळी संस्थेचं होतं, म्हणून फाइल उघडली.

संध्याकाळी तुम्ही सगळी खाती लॉगआउट केलीत आणि फॉर्मसाठी आधी वैयक्तिक जीमेलने लॉगिन केलंत, संस्थेचं खातं नंतर जोडलंत. क्रम उलटा झाला. वैयक्तिक खातं 0 झालं, संस्थेचं 1. आज तीच मंगळवारची लिंक तुमचं नवं मूळ खातं पुढे करते आणि ते वैयक्तिक आहे. लिंकमधलं एक अक्षरही बदललेलं नाही, बदलला तो तुमच्याकडचा क्रम. क्लार्कच्या कॉम्प्युटरवर संस्थेचं एकच खातं लॉगिन आहे, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही आणि लिंक कायम उघडते.

यात एक गंमतीची वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट आहे. आजच्या तुमच्या क्रमाने सोमवारची चुकीची लिंक बहुतेक उघडेल, कारण आता 1 नंबरवर संस्थेचं खातं आहे. पण तिच्यावर विसंबू नका. पुढच्या लॉगआउटनंतर ती पुन्हा बंद पडेल. तो मेसेज मी व्हॉट्सअ‍ॅपवरून काढून टाकला आहे. तुम्ही ती लिंक बुकमार्क करून ठेवली असेल तर तीही काढा. `u/0`, `u/1` असे नंबर असलेले बुकमार्क हे ऑफिसांत वारंवार सापडणारं दुखणं आहे. महिनाभर नीट चालतात आणि एक दिवस अचानक परवानगी नाही म्हणतात, आणि मग ज्याने फाइल बनवली त्याने परवानगी काढून घेतली असा गैरसमज होतो.

आत्ता लगेच काय करायचं ते सांगते. You need access लिहिलेल्या त्या पानावर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक गोल चित्र किंवा नावाचं आद्याक्षर दिसेल. त्यावर क्लिक केलं की सध्या कोणतं खातं वापरात आहे ते आणि खाली बाकीच्या खात्यांची यादी दिसते. यादीतलं संस्थेचं खातं निवडा, फाइल उघडेल. संस्थेच्या खात्यापुढे Signed out असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ खातं यादीत आहे पण लॉगिन संपलेलं आहे. त्यावर क्लिक करून पासवर्ड टाकावा लागेल. हे न करता लिंकवर दहा वेळा क्लिक केलं तरी दहाही वेळा तेच खातं पुढे केलं जाईल.

Request access मात्र पुन्हा दाबू नका. सकाळची विनंती मी मंजूर केलेली नाही आणि त्यामागे कारण आहे. मी ती मंजूर केली असती तर फाइल लगेच उघडली असती, पण यादीत तुमचा वैयक्तिक पत्ता चढला असता. मग तुम्ही दिलेल्या सूचना कधी संस्थेच्या नावाने दिसल्या असत्या, कधी तुमच्या वैयक्तिक नावाने. नफा वाटणीच्या तक्त्यातला बदल नेमका कोणाच्या सांगण्यावरून केला, हे सभेनंतर कोणी विचारलं तर आपल्याला एकाच खात्याच्या नोंदी दाखवता यायला हव्यात. शिवाय वैयक्तिक खातं घरच्या कॉम्प्युटरवर, मुलीच्या लॅपटॉपवरही उघडं असण्याची शक्यता असते. फाइलमध्ये थकबाकीचा तपशील आहे, तो तिथवर जाऊ नये.

एवढं करूनही उघडली नाही तर एक तपासणी करा, म्हणजे दोष तुमच्या बाजूला आहे की माझ्या, हे दोन मिनिटांत कळेल. क्रोम उघडा आणि `Ctrl` + `Shift` + `N` ही तीन बटणं एकत्र दाबा. काळी खिडकी उघडेल, तिला इन्कॉग्निटो म्हणतात. या खिडकीला तुमच्या नेहमीच्या लॉगिनची काहीच माहिती नसते. तिथे लिंक चिकटवा. गूगल लॉगिन मागेल, तेव्हा फक्त संस्थेचं खातं टाका. फाइल उघडली तर परवानगी ठीक आहे आणि घोटाळा नेहमीच्या खिडकीतल्या खात्यांच्या गर्दीचा आहे. इथेही उघडली नाही तर मी परवानगी देताना पत्ता चुकवला असेल किंवा मध्ये दुसरी काही अडचण असेल, आणि ती शोधणं माझं काम. तपासणी झाल्यावर या प्रकारच्या सगळ्या खिडक्या बंद करा, म्हणजे तिथलं लॉगिनही जाईल.

कोणी म्हणेल की सगळं लॉगआउट करून पहिल्यांदा संस्थेच्या खात्याने लॉगिन केलं की झालं. ते खरं आहे, संस्थेचं खातं पुन्हा 0 होईल आणि लिंक उघडू लागेल. पण पुढच्या वेळी घरचं काही काम निघालं की क्रम पुन्हा फिरेल आणि आपण याच ठिकाणी येऊ. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, तोवर मसुद्याच्या चार-पाच फेऱ्या होतील, ताळेबंद येईल, लेखापरीक्षकांचे शेरे येतील. दर फेरीला हा खेळ नको. त्यामुळे मी तुम्हाला क्रोममध्ये संस्थेसाठी वेगळं प्रोफाइल करायला सांगते आहे.

प्रोफाइल म्हणजे एकाच क्रोममध्ये केलेली वेगळी खोली समजा. त्या खोलीतली लॉगिन, बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, सगळं स्वतंत्र. एका प्रोफाइलमधल्या खात्याची दुसऱ्याला खबर नसते. संस्थेच्या प्रोफाइलमध्ये संस्थेचं एकच खातं असलं की नंबरांचा प्रश्नच मिटतो, कारण पुढे करायला दुसरं खातंच नसतं.

ते करताना एका गोष्टीवर बहुतेक जण घसरतात, म्हणून सावकाश वाचा. स्क्रीनवर गोल चित्रं दोन असतात. एक पानाच्या आत, उजव्या कोपऱ्यात, ज्याबद्दल वर लिहिलं. ते गूगलच्या खात्यांचं. दुसरं त्याच्याही वर, पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला, तीन ठिपक्यांच्या शेजारी. ते क्रोमच्या प्रोफाइलचं. आपल्याला हे वरचं, दुसरं चित्र हवं आहे. त्यावर क्लिक करून खाली नवं प्रोफाइल जोडण्याचा पर्याय घ्या, शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे वेगळे असतील, पण त्यात Add आणि profile हे दोन शब्द सापडतील. नवी खिडकी उघडेल आणि लॉगिन मागेल. तिथे संस्थेचं खातं टाका. प्रोफाइलला संस्थेचं नाव द्या आणि रंग विचारला तर नेहमीच्या खिडकीपेक्षा ठळक वेगळा घ्या. मी माझ्याकडे कामाच्या खिडकीला हिरवा रंग ठेवला आहे. पट्टी हिरवी दिसली की मी कामाच्या खात्यात आहे, एवढं नजरेला पुरतं.

आतल्या, म्हणजे पानावरच्या चित्रावर जाऊन Add account केलंत तर नवं प्रोफाइल होणार नाही, त्याच जुन्या रांगेत आणखी एक खातं उभं राहील. असं झालं की लोक मला म्हणतात, तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेगळं केलं तरी लिंक उघडत नाही. खूण सोपी आहे: नवं प्रोफाइल झालं असेल तर क्रोमची वेगळी खिडकी उघडते आणि तिच्यात तुमचे जुने बुकमार्क दिसत नाहीत. बुकमार्क जागेवरच दिसले तर प्रोफाइल झालेलं नाही.

आणि एकदा प्रोफाइल झालं की त्यात वैयक्तिक खातं चुकूनही जोडू नका. अगदी पाच मिनिटांचं काम असलं तरी दुसऱ्या खिडकीत करा.

दोन मर्यादा सांगून ठेवते. पहिली: व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपमधून किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममधून लिंकवर क्लिक केलंत, तर ती क्रोमच्या तुम्ही शेवटी वापरलेल्या खिडकीत उघडते. शेवटी घरची खिडकी वापरली असेल तर लिंकही घरच्या खात्यात जाईल आणि पुन्हा तोच फलक दिसेल. तेव्हा आधी संस्थेच्या खिडकीवर एकदा क्लिक करा आणि मग लिंक उघडा, किंवा लिंक कॉपी करून त्या खिडकीत चिकटवा. दुसरी: प्रोफाइलला कुलूप नसतं. त्या कॉम्प्युटरवर बसलेला कोणीही वरच्या चित्रावर क्लिक करून संस्थेच्या खिडकीत जाऊ शकतो. तुमच्या केबिनमधला कॉम्प्युटर दुपारी आणखी कोणी वापरत असेल, तर विंडोजमध्येच पासवर्डसह वेगळा युजर करून घ्या. ते प्रोफाइलपेक्षा भक्कम आहे.

तोवर तुम्हाला त्रास नको म्हणून आज मी तिसऱ्या प्रकारची लिंक मेलने पाठवली आहे. तिच्या शेवटी खात्याचा नंबर न देता खात्याचा पत्ताच दिला आहे. नमुना असा:

```
https://docs.google.com/document/d/FILE_ID/edit?authuser=office@example.com
```

`office@example.com` च्या जागी तुमच्या संस्थेचा पत्ता आहे. नंबर क्रमाने बदलतो, पत्ता बदलत नाही, म्हणून संस्थेचं खातं त्या ब्राउझरमध्ये लॉगिन असेल तर रांगेत ते कुठेही असलं तरी तेच पुढे केलं जातं. लॉगिन नसेल तर या युक्तीचा उपयोग नाही. आणि ही लिंक फक्त तुमच्यासाठी आहे. अध्यक्षांना पुढे पाठवलीत तर त्यांच्याकडे तिचा काही फायदा नाही, त्यांना मंगळवारसारखी साधी लिंक पाठवा.

मोबाइलवर हे सगळं थोडं वेगळं चालतं. तिथे व्हॉट्सअ‍ॅपमधल्या लिंकवर बोट ठेवलं की बहुधा क्रोमऐवजी डॉक्सचं अ‍ॅप उघडतं, आणि त्या अ‍ॅपमध्ये कोणतं खातं चालू आहे याचा कॉम्प्युटरवरच्या रांगेशी काही संबंध नसतो. फोनवर संस्थेचं खातं जोडलेलंच नसेल तर कितीही प्रयत्न केले तरी फाइल दिसणार नाही. जोडलेलं असेल तर आधी डॉक्सचं अ‍ॅप उघडा, उजवीकडचं गोल चित्र दाबून संस्थेचं खातं निवडा, आणि वरच्या शोधपट्टीत फाइलचं नाव «वार्षिक अहवाल मसुदा» असं टाका. लिंकच्या भरवशावर न राहता खातं निवडून फाइल शोधणं फोनवर जास्त खात्रीचं आहे. तक्ते मात्र फोनवर तपासू नका, रकाने तुटक दिसतात आणि बेरजा नजरेतून सुटतात.

आता सगळ्यांसाठी खुली करण्याबद्दल. तुम्ही म्हणता ते होऊ शकतं. Share मध्ये Restricted ऐवजी Anyone with the link निवडलं की खात्यांचा प्रश्न जवळजवळ संपतो, कारण मग पासबुक कोणी विचारतच नाही. नेमकं म्हणूनच मी ते करत नाही. त्या स्थितीत लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला फाइल दिसते, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात एकदा गेलेली लिंक कुठवर जाईल यावर आपला ताबा राहत नाही. लेखापरीक्षणापूर्वीचे आकडे सभासदांमध्ये फिरले आणि नंतर एक जरी रक्कम बदलली, तर सभेत तुम्हाला उत्तर द्यावं लागेल.

यापेक्षाही कामाच्या दृष्टीने मोठा तोटा म्हणजे नावं जातात. खुल्या लिंकवरून लॉगिन न करता आलेल्या माणसाचं नाव गूगल दाखवत नाही, Anonymous आणि पुढे एखाद्या प्राण्याचं नाव एवढंच दिसतं. एका जुन्या कामात मी ग्राहकाच्या आग्रहाखातर लिंक खुली केली होती आणि सूचना देण्याची मुभा ठेवली होती. दोन दिवसांत चाळीसेक सूचना आल्या, त्यातल्या बऱ्याच अनामिक. दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध होत्या आणि त्यातली कोणती मान्य करायची हे ठरवायला मला सहा जणांना फोन करावे लागले. तो दिवस मी विसरलेले नाही. तुमच्या अहवालात संचालक मंडळातले किमान चार जण सूचना देणार आहेत. कोणाची सूचना कोणती हे दिसत राहिलंच पाहिजे.

म्हणून मसुदा शेवटपर्यंत निवडक खात्यांपुरताच ठेवू. मंजूर झालेल्या अहवालाची पीडीएफ मी तुम्हाला देईन, ती गटावर खुशाल टाका.

खात्यांच्या गर्दीशी संबंध नसलेल्या दोन अडचणी तुमच्याच कामात येण्याची शक्यता आहे, त्याही सांगते, म्हणजे त्यांच्यासाठी तुम्ही उगीच लॉगआउट करत बसणार नाही.

अध्यक्षांचा म्हणून जो पत्ता तुम्ही दिलात, तो मला वाटतं फक्त मेल पुढे ढकलणारा पत्ता आहे. म्हणजे त्या पत्त्यावर आलेला मेल त्यांच्या दुसऱ्या मेलबॉक्समध्ये पडतो, पण त्या पत्त्याचं स्वतंत्र गूगल खातं नाही. अशा पत्त्याला परवानगी दिली तर निमंत्रणाचा मेल पोचतो, पण ते त्यावर क्लिक करतात तेव्हा दार बंद असू शकतं, कारण उघडताना ब्राउझर पुढे करतो ते खातं यादीत नसतं. निमंत्रण ज्याच्या हाती आलं त्याच्या खात्याला परवानगी मिळतेच असं नाही. त्यांना एवढंच विचारा की कोणत्या पत्त्याने ते गूगलमध्ये लॉगिन करतात. तो पत्ता कळवा, मी यादीत घालते आणि जुना काढते.

दुसरी अडचण लेखापरीक्षकांकडे येऊ शकते. त्यांच्या फर्मची खाती फर्मच्या अ‍ॅडमिनच्या ताब्यात असतील, तर बाहेरून आलेल्या फाइली उघडायच्या की नाही हे तो अ‍ॅडमिन ठरवू शकतो. त्याने ते बंद ठेवलं असेल तर बरोबर खातं, स्वच्छ खिडकी, माझी परवानगी, सगळं जागेवर असूनही फाइल उघडणार नाही. ओळखायचं असं की इन्कॉग्निटोमध्ये फर्मच्या खात्याने लॉगिन केल्यावरही नकारच येतो. तिथे आपण दोघं काही करू शकत नाही. त्यांना वर्ड किंवा पीडीएफ फाइल मेल करायची आणि शेरे परत आल्यावर मी ते मसुद्यात चढवायचे, हाच मार्ग.

आणखी एक. लाभांशाच्या शीटमध्ये मी वर एक वेगळा मेनू करून दिला आहे, ज्यातून सभासदनिहाय तक्ता तयार होतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही तो वापराल. शीट नीट उघडेल, आकडे दिसतील, पण एका खिडकीत अनेक खाती लॉगिन असली तर मेनूतून उघडणारी बाजूची पट्टी कोरी राहू शकते किंवा परवानगी नसल्याचं सांगू शकते. त्या मेनूमागे अ‍ॅप्स स्क्रिप्टचा छोटा प्रोग्रॅम आहे, आणि एकाच वेळी अनेक खात्यांत लॉगिन असणं अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये चालत नाही, हे गूगलने आपल्या माहितीपानांवर स्वतःच लिहून ठेवलं आहे. शीट दिसते एका खात्यातून आणि प्रोग्रॅम चालायला जातो मूळ खात्यातून, असा प्रकार होतो. इथे खातं बदलूनही भागेलच असं नाही. संस्थेचं प्रोफाइल आजच करा असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण आहे.

माझ्याकडून आज झालेलं काम असं: परवानगीची यादी पुन्हा तपासली, संस्थेच्या खात्याला सूचना देण्याचा अधिकार आहे. तुमच्या वैयक्तिक खात्याची विनंती नाकारली आहे. पत्त्यासह असलेली नवी लिंक संस्थेच्या मेलवर पाठवली आहे. तुम्ही प्रोफाइल करून त्या खिडकीतून ती उघडा. उघडली नाही तर स्क्रीनचा फोटो पाठवा, फक्त मधला मजकूर नको, वरची पत्त्याची पट्टी आणि दोन्ही गोल चित्रं फोटोत आली पाहिजेत. आधी आतल्या चित्रावर क्लिक करून खात्यांची यादी उघडी ठेवा आणि मग फोटो घ्या. आज सात वाजेपर्यंत मी जागेवर आहे.